कान, मणका आणि एक आडवी रेघ

कानाच्या भोकासमोर एक छोटा, बोटाने दाबला जाणारा मऊ उंचवटा असतो. तो पहिला ठिपका. मान खाली घातली की तिच्या मुळाशी जो मणका सगळ्यांत ठळक वर येतो, तो दुसरा. माणूस लॅपटॉपवर काम करत असताना त्याचा बरोबर बाजूने फोटो काढायचा, हे दोन ठिपके रेघेने जोडायचे, मणक्यातून एक आडवी रेघ काढायची आणि दोन्ही रेघांमधला कोन कंपासपेटीतल्या कोनमापकाने मोजायचा. बस्स! मान किती पुढे गेली आहे ते चक्क अंशांत कळतं. हा कोन साधारण पन्नासच्या आसपास किंवा वर असेल तर डोकं खांद्यांवर नीट बसलेलं. त्याच्या बरंच खाली गेला तर डोकं पुढे लोंबतंय. हे कळल्यापासून मला चैन नाही. जो दिसेल त्याला बाजूने बघते आहे!

इस्लामपूरच्या शाळेत मी आयुष्यभर चित्रकला शिकवली. बसलेल्या माणसाची बाजूची आकृती मुलांकडून किती काढून घेतली असेल, त्याला गणती नाही. पण त्या आकृतीतून माणसाची खुर्ची उंच हवी की टेबल बुटकं, पडदा वर घ्यायचा की जवळ ओढायचा, हे वाचता येतं, ही विद्या मला आत्ता भेटली. ती दिली माझ्या पुतणीच्या मैत्रिणीने. ती कराडला फिजिओथेरपी शिकते. पुतणी नोकरीला पुण्याच्या कंपनीत. 2020च्या टाळेबंदीत घरी आली आणि तेव्हापासून तिचं बरंचसं ऑफिस आमच्या जेवणाच्या टेबलावरच भरतं. संध्याकाळ झाली की मान आणि खांद्यांचा वरचा भाग धरून बसायची. घरात सगळे एकच सांगायचे, ‘ताठ बस’. ती ताठ बसायची, आणि चहा येईपर्यंत पुन्हा होती तशी.

मैत्रीण आली आणि म्हणाली, “काकू, तिला काही सांगू नका. आधी फोटो काढू.”

आता फोटो कसा काढायचा, तर इथेच निम्मी विद्या आहे. फोन हातात धरायचा नाही. तो खुर्चीवर, डब्यांवर, कशावरही टेकवून स्थिर ठेवायचा आणि भिंग बसलेल्या माणसाच्या कोपर ते खांदा एवढ्या उंचीवर आणायचं. अंतर अडीच-तीन मीटर. आमच्या खोलीत तेवढी जागा नाही, म्हणून फोन माजघरात ठेवला आणि दाराच्या चौकटीतून फोटो घेतला. जवळ बसून, त्यातही रुंद भिंगाने फोटो काढला तर कडेच्या गोष्टी ताणल्या जातात आणि डोकं उगाच पुढे गेल्यासारखं दिसतं. म्हणून लांब जायचं आणि दुप्पट झूम करायचं. माणूस चित्राच्या मधोमध हवा. फोन तिरका नाही ना, ते ओळखायची खूण तर मला फारच आवडली: टेबलाचा वरचा पृष्ठभाग दिसता कामा नये, नुसती रेघ दिसली पाहिजे, आणि खुर्चीच्या अलीकडच्या पायाने पलीकडचा पाय जवळजवळ झाकला पाहिजे. दोन्ही पाय सुटे दिसले तर फोन सरकवा, कारण त्या फोटोतला कोन खोटा येणार.

आणि आडवी रेघ आडवी आहे हे कशावरून? त्यासाठी गवंड्याचा ओळंबा! दोऱ्याला एक नट बांधून तो तिच्या मागे, चित्रात येईल असा टांगला. दोरा म्हणजे खरा उभा. त्याला काटकोनात काढलेली ती खरी आडवी. फोन थोडा कलला असेल तरी मग बिघडत नाही.

ठिपक्यांसाठी टिकल्या. कानापुढे एक लाल टिकली, खांद्याच्या टोकाच्या हाडावर एक, कोपराच्या बाहेरच्या हाडावर एक, कमरेखाली मांडीचं हाड जिथे बाजूला लागतं तिथे एक. मानेच्या मणक्यावर मात्र टिकली चालत नाही, कारण ती पाठीकडे चिकटते आणि बाजूने दिसतच नाही. तिथे दोन्हीकडून चिकटणाऱ्या पट्टीने एक पांढरा मोती लावला. तो बाजूने छान उठून दिसतो. तो मणका नेमका कोणता हे शोधण्याची रीत तर प्रत्येकाने एकदा स्वतःवर करून बघावी. मान खाली घालून मानेच्या मुळाशी दोन उंचवटे लागतात, त्यांवर एकेक बोट ठेवायचं. मग डोकं हळूहळू मागे न्यायचं. वरचा उंचवटा बोटाखालून निसटून आत जातो. खालचा जागचा हलत नाही. तो खालचा आपला. मानेतला सातवा मणका. माझ्या बोटाखालून वरचा मणका सुळकन निघून गेला तेव्हा मी अक्षरशः ओरडले!

शेवटची अट: फोटो काढतोय हे त्या माणसाच्या लक्षात राहता कामा नये. क्लिकचा आवाज आला की प्रत्येक जण सरळ होतो. म्हणून टिकल्या लावून तिला कामाला बसवलं, व्हिडिओ सुरू केला आणि आम्ही स्वयंपाकघरात गेलो. अर्ध्या तासाने, ती कुठल्यातरी मीटिंगमध्ये पुरती बुडालेली असताना, त्या व्हिडिओतलं एक चित्र थांबवून घेतलं. त्याआधी एक फोटो वेगळा काढून ठेवला होता: त्याच खुर्चीत बसून समोर लांब, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे सहज बघतानाचा. हा तिचा स्वतःचा मूळ नमुना. तुलना याच्याशी करायची, पुस्तकातल्या आदर्श बाईशी नाही.

झेरॉक्सच्या दुकानातून दोन्ही फोटो मोठे छापून आणले. कॅलेंडरकडे बघताना कोन 51 अंश. काम करताना 40.

अकरा अंश! पण खरी गंमत पुढे आहे. मैत्रिणीने डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर आणखी एक ठिपका दिला आणि तो कानाच्या टिकलीशी जोडला. “काकू, आधीची रेघ मान पुढे गेली एवढंच सांगते. का गेली ते ही रेघ सांगते.” सहज समोर बघताना डोळ्याचा कोपरा कानाच्या टिकलीपेक्षा किंचित वर असतो, पुतणीच्या कॅलेंडरवाल्या फोटोत तसा होताही. कामाच्या फोटोत तो टिकलीच्या खाली उतरला होता. म्हणजे डोकं पुढे गेलं ते खाली बघण्यासाठी. पडदा बुटका. याच्या उलटही होतं: मान तितकीच पुढे, कोन तितकाच कमी, पण डोळा कानापेक्षा जास्तच वर, हनुवटी पुढे काढलेली. तो माणूस खाली बघत नाही, तो पडद्याच्या जवळ जाऊ बघतोय, नाहीतर चष्म्याच्या खालच्या भागातून बघतोय. दोघांनाही आपण ‘मान पुढे काढू नकोस’ एवढंच म्हणतो, आणि दोघांचे उपाय मात्र एकमेकांच्या विरुद्ध! एकाचा पडदा वर न्यायचा, दुसऱ्याचा जवळ आणायचा किंवा खाली.

मग लॅपटॉप लगेच उचलायचा का? मला तेच वाटलं, पण ती म्हणाली, थांबा, खालून सुरू करू. लॅपटॉपची अडचण अशी की त्याचा पडदा आणि कळफलक एकमेकांना बांधलेले. पडदा डोळ्यासमोर आणला की हात हवेत. हात नीट ठेवले की पडदा पोटापाशी. त्यामुळे वेगळा कळफलक आणि माउस घेतल्याशिवाय हे गणित सुटतच नाही. ते घेतले, की मापं खुर्चीपासून वर चढत जातात.

टेप घेऊन मी मापं घेतली. प्लॅस्टिकच्या खुर्चीची बैठक जमिनीपासून 43 सेंटिमीटर. बसल्यावर, दंड सैल सोडून कोपर काटकोनात वाकवलं की बैठकीपासून कोपर 21 सेंटिमीटर वर. म्हणजे कोपर जमिनीपासून 64वर. आणि जेवणाचं टेबल 75, त्यावर कळफलकाची जाडी धरली तर बोटं 77वर! तेरा सेंटिमीटरचा फरक. तो भरून काढायला ती दिवसभर खांदे उचलून धरत होती. फोटोत ते दिसतच होतं, खांद्याची टिकली कानाच्या दिशेने वर सरकलेली आणि कोपर धडापासून पुढे गेलेलं. संध्याकाळी ती जिथे हात ठेवून दाबत बसायची, ती जागा हीच. म्हणजे दुखणं मानेचं म्हणायचं, पण निम्मं टेबलाचं होतं.

टेबल कापता येत नाही, म्हणून बैठक उंच केली. इस्लामपुरातच गादीवाल्याकडून कडक फोमची उशी कापून घेतली. तिच्यावर बसून दबल्यावर 10 सेंटिमीटर उरले पाहिजेत हे त्याला सांगून ठेवलं होतं. मऊ उशी इथे कामाची नाही, ती दबून सपाट होते आणि माणूस तिरका बसतो. आता कोपर 74वर आलं. उरलेला तीन सेंटिमीटरचा फरक चालतो.

पण बैठक 53वर गेली आणि पाय लोंबकळायला लागले. तळपायापासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत तिची उंची 40. पाय अधांतरी राहिले की माणूस नकळत पुढे घसरतो, पाठ सुटते, कंबर गोल होते आणि डोकं पुन्हा पुढे. म्हणजे मानेचा रस्ता तळपायातून जातो! तेरा सेंटिमीटर हवे होते. अंगणात विटा पडलेल्या होत्या. त्या कडेवर उभ्या केल्या की 11 सेंटिमीटर, वर दोन सेंटिमीटरची फळी. मी आधी घरातला बसका चौरंग पायाखाली द्यायचं म्हटलं, तर सासूबाईंनी तो हातातून काढूनच घेतला. पण तो पडद्याखाली ठेवायला त्यांची काही हरकत नव्हती, आणि त्याची उंची निघाली 20 सेंटिमीटर.

तेवढीच हवी होती. बसल्यावर तिचे डोळे जमिनीपासून 122वर. टेबलावर नुसता ठेवलेला लॅपटॉप उघडला की पडद्याची वरची कड 97वर. चौरंगावर ती 117 झाली, म्हणजे डोळ्यांच्या पाच सेंटिमीटर खाली. कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जराशी खाली असावी. तिच्या वर नको. कमरेच्या खळगीत टॉवेलची गुंडाळी देऊन पाठ खुर्चीला टेकवली. मांडीपासून पाठ किंचित मागे कललेली, काटकोनापेक्षा थोडी जास्त उघडी. अगदी काटकोनात, शाळेतल्या कवायतीसारखं बसायची गरज नसते.

पुन्हा व्हिडिओ, पुन्हा अर्धा तास, पुन्हा छपाई. कोन 46! डोळा कानाच्या वर आला, कोपर धडाच्या जवळ आलं, खांद्याची टिकली खाली उतरली. पण 51 नव्हे. आणि डोळ्या-कानाची रेघ आता जरा जास्तच वर चढलेली. मैत्रीण बघताक्षणी म्हणाली, “आता ती खाली बघत नाही, आता ती वाचायला पुढे जातेय.” चौरंगासाठी जागा करताना पडदा मागे सरकला होता, डोळ्यांपासून 75 सेंटिमीटरवर. त्यात अक्षरं बारीक, आणि समोर खिडकी आल्यामुळे डोळे दिपत होते. पडदा 60वर ओढला, अक्षरं सव्वापट केली, टेबल फिरवून खिडकी बाजूला घेतली. पुढच्या फोटोत 50.

एक फोटो, दोन रेघा, आणि पहिल्या दुरुस्तीने उघडं पडलेलं दुसरं कारण! ‘ताठ बस’ या दोन शब्दांतून हे आयुष्यात कळलं नसतं. इथे तर तिला ताठ बसायला कुणी सांगितलंही नाही. सगळं सामान हललं, आणि ती आपोआप बसली.

मग घरातल्या सगळ्यांची पाळी आली. पुतणीचे वडील, माझे दीर, रात्री जीएसटीची कामं लॅपटॉपवर करतात. त्यांचा कोन 42. लगेच त्यांचाही लॅपटॉप चौरंगावर चढवायला कुणीही उठलं असतं. पण डोळ्याची रेघ बघा! भावजींचा डोळा कानापेक्षा खूप वर, हनुवटी पुढे. त्यांचा चष्मा वर दूरचा आणि खाली जवळचा असा आहे. पडदा वाचायचा तर काचेच्या खालच्या भागातून बघावं लागतं, म्हणून डोकं मागे कलतं आणि मान पुढे जाते. पडदा उंच केला असता तर त्यांची मान आणखी मोडली असती. त्यांच्यासाठी तो उलट खाली राहू दिला, वरची कड डोळ्यांच्या रेषेपासून चांगली वीतभर खाली, आणि पडदा मागे कलवला. अशा चष्म्याच्या माणसाला कॉम्प्युटरच्या अंतरापुरता वेगळा चष्मा करून घेता येतो, हेही मैत्रिणीने सांगितलं. त्यांनी नेत्रतज्ज्ञाकडे जायचं ठरवलं आहे.

या कोनाबद्दल जे वाचायला मिळतं ते मी आता अधाशासारखं वाचते. न्यूयॉर्कचे मणक्यांचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांचा 2014 सालचा एक हिशेब जगभर फिरला: डोकं सरळ असताना मानेवर साधारण पाच किलोचा भार, 30 अंश पुढे झुकलं तर सुमारे 18 किलो, आणि 60 अंशांना 27. मोबाइलमध्ये खुपसलेल्या डोक्याची ती चित्रं तुम्हीही पाहिली असतील. तो हिशेब कॉम्प्युटरवर बनवलेल्या मानेचा आहे, जिवंत माणसाच्या मानेत काटा घालून मोजलेला नव्हे, हे मात्र लक्षात ठेवावं. त्याहून मला भुरळ घातली ती पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासाने. तिथे 17 वर्षांच्या हजारांहून जास्त मुलांचे बसलेले फोटो बाजूने काढून, असेच ठिपके धरून कोन मोजले गेले. 2016मध्ये छापून आलेला निष्कर्ष असा की मुलांच्या बसण्याच्या ठळक तऱ्हा वेगवेगळ्या निघाल्या, कुणी पाठ ढिली सोडून मान पुढे, कुणी पाठ ताठ ठेवूनही मान पुढे; पण कोणत्या तऱ्हेच्या मुलांची मान जास्त दुखते, असा संबंध सापडला नाही.

हे वाचून माझा उत्साह कमी झाला का? मुळीच नाही. उलट फोटो कशासाठी वापरायचा ते स्वच्छ झालं. 40 अंश हा आजार नव्हे. एखाद्याचा कोन मुळातच 44 असेल आणि त्याला काही दुखत नसेल, तर त्याच्या मागे कोनमापक घेऊन लागायचं कारण नाही. फोटो सांगतो तो फरक: तोच माणूस मोकळा बसतो तेव्हा कसा, आणि या टेबलापाशी कसा. त्या दोहोंमधलं अंतर सामानाने निर्माण केलेलं असतं आणि सामान बदलून घटवता येतं. दुखणं किती कमी होईल हे कोनमापक सांगत नाही. पुतणीची संध्याकाळची खांदेदुखी बरीच उतरली, पण ती म्हणते की मला कोनापेक्षा खाली आलेले खांदे आणि टेकलेले पायच जास्त कळतात. मला ते पटतं.

फोटोला न दिसणाऱ्या गोष्टीही आहेत. मान एका बाजूला वळवून दुसऱ्या पडद्याकडे बघणारा माणूस बाजूच्या फोटोत सरळच दिसतो. त्याच्यासाठी मागून एक फोटो लागतो. सैल कुर्त्यात पाठीचा बाक लपतो, मोकळ्या केसांत मोती. आणि मोजणाऱ्याचा हातही थोडा इकडेतिकडे होतो. आम्ही एकाच छापील फोटोवर दोघींनी वेगवेगळे ठिपके देऊन मोजलं तर दोन अंशांचा फरक आला. म्हणून दोन-तीन अंशांच्या सुधारणेवर पेढे वाटायचे नाहीत. हाताला मुंग्या येत असतील, बोटांतली पकड सैल पडत असेल, तर टिकल्या लावत बसू नये, डॉक्टरांकडे जावं. हे मैत्रिणीने दोनदा बजावलं.

आणखी एक गोष्ट व्हिडिओने शिकवली, जी एकट्या फोटोने कळली नसती. सगळं नीट मांडल्यावरही तासाभराने कोन घसरतोच. तिचा 50वरून 45वर आला. पाठ खुर्चीपासून सुटली, टॉवेल खाली सरकला. मैत्रीण म्हणाली, याला उपाय अजून चांगली खुर्ची हा नाही, याला उपाय उठणं हा आहे. स्नायू एकाच ठेवणीत थकतात, मग ती ठेवण कितीही सुरेख असो. म्हणून पुतणी आता फोनवरची मीटिंग अंगणात फिरत ऐकते, आणि पाण्याची बाटली मुद्दाम स्वयंपाकघरात ठेवते. परतून बसली की कोन पुन्हा 49-50.

आता माझ्या डोक्यात स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका आहेत. तिथली मुलं दिवसभर लॅपटॉप आणि मोबाइलवर व्याख्यानं बघत बसतात. अभ्यासिका चालवणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याशी बोलले, तो तयार आहे. तिथली फळीची टेबलं भिंतीला ठोकलेली, उंची बदलत नाही. त्यामुळे उशी आणि पायाखालची फळी यांपासूनच सुरुवात करावी लागेल. वेगळा कळफलक तिथे लागणारही नाही, कारण ती मुलं टाइप करत नाहीत, नुसती बघतात. तेव्हा लॅपटॉप सरळ पुस्तकांवर चढवता येईल. दोन कप्प्यांमध्ये आडोसे आहेत, बाजूने तीन मीटर मागे जायला जागाच नाही. टोकाचा कप्पा मात्र दारासमोर आहे. फोन बाहेर व्हरांड्यात ठेवून, एकेका मुलाला त्या कप्प्यात बसवून फोटो घेता येतील. टिकल्यांचं पाकीट मी आणून ठेवलं आहे. मुलगे लाजतील म्हणून त्यांच्यासाठी पांढरे गोल स्टिकर.